एका श्वासाचं भाषण

त्या दिवशी तालमीत बाबा वाक्याच्या मध्येच थांबले आणि खाली बसले.

आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी मंडळींचं गणपतीत नाटक होई. त्यात राजा बाबाच. दरबाराच्या प्रवेशातलं लांबलचक भाषण ते एका दमात म्हणत, आणि लोक त्या दमासाठीच बसून राहत. कथानक सगळ्यांना पाठ होतं. आता तो दमच संपला होता.

गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासलं. बाबांच्या किडन्या काही वर्षांपासून दुखणाईत होत्याच. आता हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं.

"गुरुजी, रक्त हाडांच्या मगजात बनतं," डॉक्टर म्हणाले. "पण बनवा असा हुकूम किडनीकडून जातो. तो हुकूम म्हणजे एक हार्मोन. तुमची किडनी तो पुरेसा पाठवत नाही."

"म्हणजे राइस मिल आहे, धान आहे, पण बटन दाबणारा सुट्टीवर गेला," बाबा म्हणाले. ते गणिताचे निवृत्त मास्तर होते.

"धान आहे का तेही पाहू. लोह कमी असेल तर नुसतं बटन दाबून काय होणार?"

लोह कमीच निघालं. आधी ते भरलं, मग तोच हार्मोन इंजेक्शनातून सुरू झाला, आठवड्याला एक. शेजारच्या सिस्टरबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, त्या टोचायच्या. गोंदियाहून औषध आणणं माझ्याकडे होतं. मी ते थर्मासमध्ये आणी, बर्फाला थेट लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून. ते गोठलं की वाया जातं. मोहल्ल्यातून बीट आणि खजूर येऊ लागले, आणि डॉक्टरांनी दोन्ही बंद केले. किडनीला त्यातलं पोटॅशियम झेपत नाही. बीट गाईला गेलं. बाबा म्हणत, "आता तिचं हिमोग्लोबिन पाहा."

अडीच-तीन महिन्यांत आकडा साडेदहावर आला. बाबा बाजारात पायी जाऊ लागले.

"बस्स," डॉक्टर म्हणाले. "साडेअकराच्या वर न्यायचं नाही."

बाबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "इथं तर छापलंय, तेरा ते सतरा."

"ते धडधाकट माणसाचं आहे, गुरुजी. तुम्हाला ओढून तिथं नेलं तर बीपी चढेल, रक्ताची गाठ होईल, लकव्याचीही भीती."

बाबांनी मान हलवली. आयुष्यभर मुलांना "काठावर पास म्हणजे नापास" सांगितलेल्या माणसाची ती मान होती. मला तेव्हा कळायला हवं होतं.

नाटकाला महिना उरला तेव्हा फ्रिजमधली इंजेक्शनं वेळेआधी संपली. त्याच सकाळी बाबा डोकं धरून बसले होते. मी सिस्टरबाईंना विचारलं.

"अवं, डॉक्टरनंच तं वाढवून देलं ना? आठवड्याले दोन," त्या म्हणाल्या. "गुरुजीच बोलले."

आम्ही दोघी बाबांकडे वळलो. बाबांनी पेपर वर धरला.

"गुरुजी, मले काहून फसवलं?"

"फसवलं नाही. ग्रेस मार्क घेऊन राह्यलो होतो."

सिस्टरबाईंनी पट्टा बांधून बीपी पाहिलं आणि आकडा न सांगता पट्टा गुंडाळला. आम्ही बाबांना घेऊन तशाच गोंदियाला गेलो. हिमोग्लोबिन तेराच्या वर होतं. बाबा क्षणभर खूश दिसले. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, बीपीच्या गोळ्या वाढवल्या.

"नाटक?" बाबांनी विचारलं.

"बीपी उतरलं तर. आणि इंजेक्शन बंद असलं तरी बनलेलं रक्त लगेच पळून जात नाही. पण भाषण एका दमात नाही. श्वास घ्यायचा."

"राजा श्वास घेतो का कुठं?"

"मेलेला राजा घेत नाही."

बीपी उतरलं. नाटकाच्या दिवशी राजा उभा न राहता सिंहासनावर बसून होता. समोरच्या सतरंजीवर सिस्टरबाई मांडीवर बीपीचं यंत्र घेऊन बसल्या होत्या. भाषणाच्या मध्यावर बाबा थांबले. बाबांनी सावकाश श्वास घेतला, सतरंजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रधानजी, वैद्यबाईंची आज्ञा आहे. राज्य जरा थांबेल."

"हौ, थांबू द्या," सिस्टरबाई खालूनच बोलल्या. मांडव हसला. बाबांनी दुसरा श्वास घेतला आणि भाषण पुरं केलं. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त वेळ चालल्या.

पुढे इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, कमी मात्रेत. बाबांनी आणखी काही गणपती पाहिले. आकडा अकराच्या आसपास राहिला, आणि त्याला ते अखेरपर्यंत "काठावर पास" म्हणत राहिले.

बाबा गेले. नाटक आता होत नाही. थर्मास माझ्याकडे आहे. मी त्यात चहा ठेवते.