लिफ्टची पुढची तारीख

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडाशी, काचेच्या पेटीत एक तक्ता लावलेला असे. सेक्रेटरींनी पट्टीने रेघा मारून तो हाताने केला होता. रकाने चार. कुठलं साधन, किती महिन्यांनी सर्व्हिसिंग, शेवटचं कधी झालं आणि पुढचं कधी करायचं. पाण्याची मोटर तीन महिन्यांनी, गच्चीवरची टाकी धुणं सहा महिन्यांनी, आग विझवायची लाल नळकांडी वर्षाला आणि लिफ्ट दर महिन्याला. काम झालं की सेक्रेटरी जुनी तारीख रबराने पुसत, नवी लिहीत आणि तिच्यात अंतर मिळवून पुढची तारीख घालत. येणारे-जाणारे तो तक्ता बघत नसत. मी बघायची.

मी मुळात संशयी बाई. दूधवाल्याचं माप आतून बोट फिरवून बघणारी. घरचे मला हसायचे, पण दूध सगळ्यांना चांगलं लागायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो, म्हणजे सगळ्यात वर. मी शाळेच्या ऑफिसात नोकरीला, नवरा फिरतीवर आणि दिवसभर घरात एकटे सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. मुरगूडकडचं त्यांचं गाव. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. काटा स्थिर झालेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी कधी पावतीवर पेन टेकवलं नाही, हे गावाकडची माणसं अजून सांगायची. मामांनाही ते ऐकायला आवडायचं. ऐकू आलं नाही असं दाखवून ते पुन्हा एकदा सांगायला लावत.

त्या तक्त्यात मला खटकली ती लिफ्टची ओळ. बाकीच्या ओळी माणसांच्या वाटत. मोटरवाला गावच्या जत्रेला गेला म्हणून तारीख आठवडाभर पुढे गेलेली, टाकी धुणारे पावसामुळे आले नाहीत म्हणून महिनाभर लांबलेलं. लिफ्टची तारीख मात्र कधी म्हणून चुकायची नाही. जी पुढची तारीख लिहिलेली, त्याच तारखेला काम झालेलं. इतकं सरळ काम आपल्याकडे कोण करतं? आणि लिफ्ट तर दिवसेंदिवस बिघडत चाललेली. वर येताना मजल्याच्या थोडी वरच थांबायची, खाली जाताना फरशीच्या खाली उतरायची. आधी बोटभर, मग चार बोटं. एकदा खाली उतरताना मामांची चप्पल त्या कडेला अडकली आणि ते तोंडावरच पडायचे. वॉचमनने दंडाला धरलं म्हणून वाचले. त्या दिवशी मी तक्त्यासमोर उभी राहिले तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. तक्ता म्हणत होता, सर्व्हिसिंग झालंय.

मला वाटलं, हे सेक्रेटरींचं काम. शाहूपुरी पेठेतल्या एका एजन्सीला लिफ्टचं कंत्राट होतं आणि सेक्रेटरींचं दुकानही शाहूपुरीतच. ऊठबस असणारच. ते घरबसल्या तारखा घालतात आणि एजन्सीवाले बिल लावतात, असं सगळं चित्र माझ्या डोक्यात तयार झालं. सेक्रेटरी नमस्कार करून हसले तरी मी मनात म्हणायची, हस बाबा, हस.

मी कुणाला बोलले नाही. मामांनाही नाही, कारण संध्याकाळी पार्किंगमध्ये ते सेक्रेटरींच्या शेजारीच खुर्ची टाकून बसत. तक्त्यातल्या पुढच्या तारखेला मी शाळेत रजा टाकली. सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि लिफ्टच्या मशीनच्या खोलीपाशी थांबले. त्या खोलीला कुलूप. कुलपाच्या वर, कडीपासून चौकटीतल्या खिळ्यापर्यंत मी शिवणाचा काळा दोरा ताणून बांधला. दार उघडायचं तर दोरा तुटणारच.

खोलीची किल्ली आमच्याच दाराआड खिळ्याला असे, आमचं घर गच्चीच्या सगळ्यात जवळ म्हणून. अकराच्या सुमारास मेकॅनिक आला. पाठीला पिशवी, केसांचा छान कोंबडा.

"आजोबा, किल्ली द्या की."

"घे त्या खिळ्याची," मामा खुर्चीतून म्हणाले. "हो फुडं, आलोच मी."

मी आत भाकरी थापत होते. मामा गेले नाहीत. पेपर उलटला, चष्मा पुसला. थोड्या वेळाने मेकॅनिक परत आला, किल्ली अडकवली.

"झालं आजोबा. एकदम ओके हाय बगा."

"तेलपाणी केलंस?"

"व्हय तर!"

मामा बरं म्हणाले. मी हात धुऊन तडक गच्चीवर गेले. दोरा जसाच्या तसा. टाकीच्या सावलीत विडीचं थोटूक पडलेलं. खरं सांगते, मला आनंद झाला. संशय खरा निघाल्याचा आनंद फार गोड असतो, आणि त्यात माणूस आंधळा होतो. मामा 'आलोच' म्हणाले आणि गेले नाहीत, हे मी कानांनी ऐकलं होतं. पण माझे डोळे लागले होते सेक्रेटरींवर. दुसऱ्या दिवशी तक्त्यात नवी तारीख आली, तिच्यापुढे महिन्यानंतरची पुढची तारीखही आली. मला एवढंच हवं होतं.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. पूर्वी ती गच्चीवर व्हायची, पण मामाच म्हणाले होते, खालीच घ्या, वर वारं लागतंय. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, पोह्यांच्या बश्या. लिफ्टचा विषय निघाला आणि मी उभी राहिले. दोऱ्याचं सगळं सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, "मशीनची खोली उघडलीसुद्धा नाही आणि तक्त्यात तारीख पडली. ही तारीख कोण घालतं आणि कशाच्या जोरावर, ते आज सगळ्यांसमोर कळू दे."

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. उलट अवघडल्यासारखे झाले, हातातली बशी त्यांनी खाली ठेवली.

"वहिनी, हे राहू द्या. आपण नंतर बोलू."

"नंतर का? आत्ताच बोला!"

"अहो, मी मनानं तारीख घालत न्हाय. गच्चीवर कोण जातंय, किल्ली कुणाकडं असत्या..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

मग मला एकेक आठवायला लागलं. कोजागरीला सगळी बिल्डिंग गच्चीवर होती तेव्हा मामा म्हणाले होते, मला दूध पचत नाही. मी गच्चीवर पापड घातले तेव्हा राखणीला येतो म्हणाले आणि आले नाहीत. गच्चीवर नेणारी लिफ्ट नाही. ती चौथ्या मजल्याला संपते, वरचा एक जिना पायांनीच चढावा लागतो. हे सगळं माझ्या घरात, माझ्या नाकासमोर झालं होतं, आणि मी शाहूपुरीत चोर शोधत होते. मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. मीटिंग बंद करा, माझं चुकलं, असं काहीतरी ओरडून सांगावंसं वाटलं. काट्यावरच्या माणसाचा शब्द खोटा, हे मी त्याच्याच समोर, चार घरच्या माणसांत वदवून घेत होते.

मामा खुर्चीच्या हाताला धरून उठले.

"तेंची काय बी चूक न्हाय. मी सांगतोय म्हणून ते तारीख घालत्यात. झालं म्हणून मीच सांगतोय." ते थांबले. त्यांना दम लागला होता, की दुसरंच काही होतं, मला कळलं नाही. "मला त्यो वरचा जिना चढवत न्हाय आता. छाती भरून येत्या. चढवत न्हाय म्हटलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती."

वॉचमन गेटकडे तोंड करून उभा राहिला.

मामा चालत तक्त्यापाशी गेले. काचेवर बोट ठेवून सेक्रेटरींना म्हणाले, "ही तारीख पुसा. मी सोताच्या डोळ्यानं बघितल्याली शेवटची तारीख दसऱ्याच्या आदल्या दिसाची. खंडेनवमीला मशीनला हार घालाय गेलतो, त्या दिवशी पोरानं माझ्याम्होरं समदं केलं. ती लिव्हा."

"अहो मामा, दसरा होऊन किती दिवस झाले! मग पुढची तारीख कधीच उलटून गेली म्हणायची," सेक्रेटरी म्हणाले.

"उलटलीच हाय की. तशी लिव्हा."

सेक्रेटरींनी तशी लिहिली, तांबड्या पेनाने. आमच्या तक्त्यात पहिल्यांदाच पुढची तारीख मागे पडलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद ठेवली. एजन्सीने नवा माणूस पाठवला, बरोबर त्यांचा मुख्य मेकॅनिकही आला. मी त्यांच्यासोबत वर गेले. दार उघडलं तर मोटरच्या अंगावर दसऱ्याचा झेंडूचा हार तसाच, वाळून काळा पडलेला. मुख्य मेकॅनिकने तो काढून बाजूला ठेवला आणि ब्रेक उघडून दाखवला. ब्रेकचे पट्टे पार झिजले होते. म्हणून लिफ्ट जिथल्या तिथे धरत नव्हती, घसरून थांबत होती. त्यांनी पट्टे बदलले, ब्रेक लावून घेतला, लिफ्टचा लोखंडी दोर आणि तेल बघितलं. संध्याकाळी लिफ्ट फरशीला फरशी मिळवून थांबली.

मामांनी त्या रात्री किल्ली खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली होती. मी ती उचलून परत खिळ्याला अडकवली. ते बघत होते.

पुढच्या महिन्यापासून ठरून गेलं. तारखेच्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाने यायची, मेकॅनिकबरोबर वर जायची आणि खाली येऊन मामांना सांगायची. ते काट्यावरच्यासारखे प्रश्न विचारायचे. ब्रेक उघडला का? तू बघितलास, का त्यानं सांगितलं? दोर पुसून बघितला का नुसता बघितला? सगळं पटलं की मगच सेक्रेटरींना निरोप जायचा.

एकदा त्याच दिवशी घरी पाहुणे यायचे होते. मी वर सगळं बघून आले, घाईघाईने साबणाने हात धुतले आणि मामांना म्हणाले, "झालं बरं का, सगळं व्यवस्थित आहे."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हात दाव."

मी दाखवले. त्यांनी वास घेतला. तेलाचा नाही, साबणाचा वास.

"मामा, अहो, आत्ताच धुतले. खोटं बोलीन का मी तुमच्याशी?"

"मी बोललो की," ते म्हणाले. "जा, परत बघून ये."

पाहुणे दारात यायच्या आत मी पुन्हा गच्चीचा जिना चढले. उतरले तेव्हा दोन्ही तळहात काळे होते. ते मी मामांसमोर धरले. त्यांनी नीट बघितलं, मान हलवली आणि सेक्रेटरींना निरोप द्यायला सांगितलं, आजची तारीख घाला म्हणावं.