गॅरंटीकाकांनी न बघता घेतलेला माल

जुने फ्रिज, पंखे, मिक्सर विकत घ्यायचे, खोलायचे, पुसायचे, जोडायचे आणि पुन्हा विकायचे, हा काकांचा धंदा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच काका टेबलावर थाप मारायचे, "गॅरंटी!" किती दिवसांची, कसली, कोण देणार, हे विचारायची सोय नसे. थाप अशी दणदणीत बसायची की शेजारच्या पंख्याची पाती एक चक्कर मारून यायची. त्यामुळे सगळा बाजार त्यांना गॅरंटीकाका म्हणायचा. त्यांची बायको मात्र "अहो" म्हणायची, आणि त्या एका "अहो"चे तिच्याकडे निदान दहा प्रकार होते.

काकूंच्या दोन्ही किडन्या थकल्या, तेव्हा काका डॉक्टरांसमोर बसले आणि त्यांनी टेबलावर थाप मारली.

"माझी घ्या! पन्नाशी उलटली, पण एकदम कंडिशनमध्ये. गॅरंटी!"

"नको," काकू म्हणाल्या. "आयुष्यभर यांचं घोरणं सोसलं. आता यांची किडनीही रात्रभर घोरत बसेल."

डॉक्टर असे बोलायचे की ओठ हलायचेच नाहीत, जणू तोंडात थर्मामीटर धरलेलं आहे. ते म्हणाले, "हं. म्हणजे... काकांचा रक्तगट ए. काकूंचा बी. तर... जुळत नाही."

"इतकी वर्षं संसार जुळला आणि किडनी जुळत नाही?"

"तो जुळला असं कोण म्हणालं?" काकू म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी थर्मामीटर न काढताच समजावलं. गट जुळत नसतानाही किडनी बसवता येते. आधी औषध देऊन नवीन अँटिबॉडी तयार होणं रोखायचं. मग मशीनवर रक्तातला द्रव वेगळा काढून, त्यातल्या अँटिबॉडी कमी करायच्या. त्या पुरेशा खाली आल्या की ऑपरेशन. "पण काकूंच्या रक्तात ए गटाविरुद्धच्या अँटिबॉडी... फारच जास्त आहेत. खूप वेळा करावं लागेल, जंतुसंसर्गाचा धोका वाढेल. त्यापेक्षा अदलाबदल सोपी."

"अदलाबदल?" काकांनी कान टवकारले. हा त्यांच्या धंद्यातला शब्द.

"अशीच दुसरी जोडी असते. तिथे दाता बी गटाचा आणि पेशंट ए गटाचा. तुमची किडनी त्यांच्या पेशंटला, त्यांच्या दात्याची काकूंना."

"म्हणजे एक्सचेंज ऑफर! पण मग गॅरंटी?"

"गॅरंटी नसते, काका. काही झालं तर आम्ही असतो."

हे उत्तर काकांना अजिबात आवडलं नाही.

कामाला लागल्या त्या अशा जोड्या जुळवणाऱ्या समन्वयक बाई. त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "हे बघा"ने व्हायची, फोनवरसुद्धा. "हे बघा, जोडी मिळाली. हे बघा, क्रॉसमॅच केली. म्हणजे त्या दात्याच्या पेशी आणि काकूंचं रक्त एकत्र करून पाहिलं, भांडण झालं नाही. तुमच्या पेशींचंही त्यांच्या पेशंटच्या रक्ताशी झालं नाही. आणि हे बघा, आमच्याकडे ऑपरेशनपर्यंत दोन्ही घरांना एकमेकांची ओळख सांगत नाहीत. कुणी कुणावर दबाव आणू नये, म्हणून. ओळख काढायचा प्रयत्न झालेला कळला, तर मला सगळं थांबवावं लागेल."

काकांनी मान हलवली. पण ती गिऱ्हाईक घासाघीस करत असताना ते हलवायचे, तशी.

मग एका वेगळ्या डॉक्टरीणबाईंनी काकांना एकट्याला खोलीत बोलावलं. त्यांचा काकूंच्या उपचारांशी संबंध नव्हता. फक्त दात्याची बाजू बघायची, हे त्यांचं काम.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे. बायकोचा."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "काय म्हणतात त्या?"

"म्हणते, देऊ नका."

पेन खाली आलं. "तुम्ही कधीही माघार घेऊ शकता. अगदी ऑपरेशनच्या दारातही. आम्ही घरच्यांना इतकंच सांगू, की तपासणीत बसत नाही. कारण कुणाला कळणार नाही."

"मी माघार घेणार नाही," काका म्हणाले. मग त्यांच्या मनात आलं, ही सोय पलीकडच्यालाही असणार. आणि त्यांची झोप उडाली.

आता काकूंचा जीव एका अनोळखी माणसाच्या हो-नाहीवर लटकत होता. शिवाय ती किडनी कशी आहे, कुठे ठेवलेली असते, रोज काय खाते-पिते, कुणाला ठाऊक? "मी आयुष्यात सेकंडहँड माल न बघता घेतलेला नाही," ते काकूंना म्हणाले.

"अहो," काकू म्हणाल्या. हा चौथा प्रकार होता, म्हणजे गप्प बसा. काका गप्प बसले आणि शोधाला लागले.

काकूंचं डायलिसिस चालू असताना काका बाहेरच्या बाकावर बसायचे. शेजारी नेहमी एक किडकिडीत मावशी असायच्या. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती, आणि शिकवून शिकवून त्यांचं सगळं बोलणं तसंच झालं होतं. दार आपटलं की, "हळू! क्लच!" रांगेत कुणी घुसलं की, "लेन पाळा!" त्यांचा मुलगा आत मशीनवर असायचा. मावशींच्या मानाने दुप्पट आकाराचा, शाळेची बस चालवणारा.

काकांनी मात्र हेरला होता एक पैलवान गडी. रक्ततपासणीच्या खिडकीच्या बाजूने तो कोपरावर कापूस दाबत आला. दंड असे, की शर्टाच्या बाह्या रडत होत्या. काकांनी मनातल्या मनात टेबलावर थाप मारली. हाच तो! काय माल आहे!

आणि मालाने फाटकाबाहेर जाऊन सिगारेट पेटवली.

काका धावत गेले आणि त्याच्या तोंडातून ती काढून घेतली. "ही ओढायची नाही!"

"का?"

"का म्हणजे? आतलं सगळं खराब होतं! पाणी किती पितोस दिवसाला?"

गडी चपापला. "पितो की... दोन-तीन ग्लास."

"दोन-तीन?" काकांनी कपाळावर हात मारला आणि स्वतःची बाटली त्याच्या हातात कोंबली.

पुढे हे रोजचंच झालं. गडी दिसला, की काका त्याच्या मागे. खारे शेंगदाणे खाताना दिसला, पुडी जप्त. लिफ्टपाशी उभा दिसला, "जिन्याने जा, बीपी ताब्यात राहतं!" गडी बिचारा "हो साहेब, हो साहेब" करत जिना चढायचा, तोही खांद्यावर काहीतरी जड घेऊन. ते काय आहे, हे बघायला काकांना सवड नव्हती. त्यांची नजर फक्त त्याच्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला.

"गियर कमी करा," मावशी म्हणायच्या. "इंजिन तापेल."

"तुम्हाला नाही कळायचं मावशी. किडनी द्यायची तर अशा गड्याने द्यावी. नाहीतर तुमच्यासारखी काडी! तुमची किडनी म्हणजे शेंगदाण्याएवढी असेल. कुणाला पुरायची?"

मावशींनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आरशात मागचा ट्रक बघावा, तसं.

ऑपरेशनची तारीख जवळ आली आणि समन्वयक बाईंनी काका-काकू दोघांना बोलावलं. खोलीत पैलवान गडी बसलेला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, आणि आज त्या "हे बघा"ला धार होती. "ह्यांची तक्रार आहे. तुम्ही ह्यांच्या मागे लागता?"

"मॅडम," गडी रडकुंडीला आला होता, "साहेबांना सांगा, मी सोडली सिगारेट. खरंच सोडली. पण नोकरीवरून काढू नका."

"साहेब? कोण साहेब?"

"हे! धूम्रपानविरोधी पथकातले."

काका उठले, खुर्ची धरली आणि बोलून टाकलं, "मला वाटलं हाच... म्हणजे आमच्या हिची किडनी. मी फक्त माल बघत होतो."

"अहो!" हा दहावा प्रकार. तो काकांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. "माल? तो माल नाही, माणूस आहे! जो कोण असेल त्याला घर आहे, भीती आहे. माझ्यासाठी नाही, स्वतःच्या माणसासाठी तो पोट फाडून घेणार आहे. त्याला तुम्ही फ्रिजसारखा हलवून बघताय? आणि तो घाबरून माघारी गेला असता तर?"

काकांचा हात टेबलावर थाप मारायला उचलला गेला आणि हवेतच राहिला. "झालं का मग?" ते बाईंकडे वळले. "थांबवणार तुम्ही? हिचं... माझ्यामुळे?"

समन्वयक बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. काकांना वाटलं, रडतायत.

"हे बघा," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे ऑक्सिजनची सिलिंडरं पोहोचवतात. त्या दिवशी हातावर कापूस होता, तो रक्तदानाचा."

"म्हणजे मी दाता नाही?" गडी म्हणाला.

"नाही."

"मग मी सिगारेट कशाला सोडली?"

"आता सोडलीस ना, राहू दे," काकू म्हणाल्या.

चुकीच्या माणसाचा पिच्छा पुरवला, म्हणून खरा माणूस अजून निनावीच होता. बाईंनी सक्त ताकीद देऊन अदलाबदल चालू ठेवली. त्या आठवड्यात काकांनी दुकानात एकदाही टेबलावर थाप मारली नाही. बाजारात सगळ्यांना वाटलं, काकांची तब्येत बिघडली.

ऑपरेशनच्या सकाळी दोन्ही दात्यांना दोन वेगळ्या खोल्यांत एकाच वेळी भूल द्यायची होती. आधी एकाचं उरकलं आणि दुसरा फिरला, असं होऊ नये म्हणून. ट्रॉलीवर झोपलेल्या काकांना नर्सने विचारलं, "नक्की ना?"

"नक्की." मग ते थोडे उठले. "पलीकडे जे कोण आहेत... त्यांना जास्त दुखणार नाही ना?"

"तुमच्याइतकंच."

"मग त्यांना सांगा..." काका अडकले. सांगायला त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो आज चालणार नव्हता. "काही नाही. पाणी प्यायला सांगा नंतर."

काकूंच्या पोटात नवी किडनी बसवली आणि टाके घालायच्या आतच ती कामाला लागली. शुद्धीवर आल्यावर काकांना ही बातमी कळली, ती लघवीच्या भाषेत. किती झाली, किती छान झाली. त्यांच्या आयुष्यात लघवीवरून डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ. पलीकडच्या पेशंटचीही गाडी सुरू झाली होती.

आता दोन्ही घरं तयार असतील तर भेटता येणार होतं. काका पोट धरून, पावलं मोजून टाकत गेले. दार उघडलं. आत शाळेची बस चालवणारा तो पोरगा बिछान्यावर, आणि शेजारच्या खुर्चीत पोटावर उशी दाबून ड्रायव्हिंग स्कूलच्या मावशी.

काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"या," मावशी म्हणाल्या. "शेंगदाणा कसा चाललाय?"

"मावशी... तुम्हाला माहीत होतं?"

"खात्री नव्हती. पण एवढा हॉर्न वाजवत फिरलात, की संशय आला. गप्प बसले. सिग्नल लाल असताना पुढे जायचं नसतं."

काकांनी हात जोडले. वाकायला गेले आणि टाक्यांनी त्यांना अर्ध्यावरच थांबवलं.

"ब्रेक!" मावशी ओरडल्या.

काही महिन्यांनी मावशी दुकानात आल्या. काकूंनी त्यांना आधी बसवलं, मग बळजबरीने पाणी पाजलं. काकांनी एक मिक्सर पुढे ठेवला, सगळ्यात चांगला, स्वतः खोलून जोडलेला.

"गॅरंटी?" मावशींनी चष्म्यावरून विचारलं.

काकांचा हात सवयीने वर गेला आणि टेबलावर अलगद टेकला. पंखा हललासुद्धा नाही.

"ती नाही, मावशी," काका म्हणाले. "काही झालं तर मी आहे."