अर्ध्या मिलिमीटरची सुट्टी

लातूरला शून्य हा आकडा कोणी आवडीने बघत नाही. गावाची अर्धी उलाढाल डाळीवर आणि उरलेली अर्धी मार्कांवर चालते. त्यामुळे शहराबाहेरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी यंत्रावरचं शून्य बघितलं आणि ते अस्वस्थ झाले, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मी नांदेडच्या कार्यालयातून तपासणी समितीच्या भेटीची बातमी करायला गेलो होतो. समिती यायची होती, म्हणून कॉलेजला नवा रंग लागला होता. झाडांच्या बुंध्यांनाही.

प्रयोगशाळेत एक लोखंडी चौकट होती. तिच्यात मीटरभर लांबीची पोलादी सळई आडवी बसवलेली. एक टोक चौकटीला घट्ट आवळलेलं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकासमोर वेल्डिंग करून बसवलेला ठोकळा. त्याला सगळे भिंत म्हणत. भिंतीला दाब मोजायचं साधन जोडलेलं होतं आणि सळई व भिंत यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट होती. सळईभोवती तापवायची तार गुंडाळलेली. हे सगळं तिथल्या मॅडमनी विद्यार्थ्यांकडून बनवून घेतलं होतं.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवण्याचं काम पूर्ण आणि नोकरी तासांपुरती. कायम करायचं की नाही हे समितीचा शेरा बघून ठरवू, असं संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं. शेरा मिळवायचा तो याच प्रयोगावर.

त्यांनी मला सकाळीच यंत्र चालवून दाखवलं. सळई तापू लागली, पडद्यावर शून्य.

"बिघडलंय का?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर. सळई आत्ता मोकळी वाढतेय. मोकळ्या वाढीला कुणी अडवत नाही, म्हणून ताण नाही. खोलीपेक्षा चाळीसेक अंश वर गेली की टोक भिंतीला टेकेल. तिथून पुढची वाढ अडेल आणि आकडा चढेल."

"तोपर्यंत समितीनं काय शून्य बघत बसायचं?"

"हो सर. तोच तर प्रयोग आहे."

"मॅडम, आपण पाहुण्यांना शून्य दाखवत नसतो."

मॅडमनी सांगून बघितलं. फट घालवली तर तिच्यात जिरणारी सगळी वाढही भिंतीवर येईल, प्रयोगासाठी नेमलेल्या साठ अंश वाढीला जोर तिपटीहून जास्त होईल, ठोकळ्याचं वेल्डिंग तेवढ्यासाठी केलेलं नाही. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि यंत्र थंड झाल्यावर त्यांना फाटकावर पाठवलं. समितीच्या स्वागताला औक्षणाचं ताट धरायला शिकलेली बाई हवी होती. यांत्रिकी विभागातली दुसरी पदव्युत्तर बाई सापडली नसावी.

त्या ताट धरून उभ्या असताना प्राचार्य प्रयोगशाळेत गेले. मी तिथेच खुर्चीवर होतो. पत्रकाराला फर्निचर समजण्याची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना फट बुजवायला सांगितलं.

"कशानं बुजवू, सायब? सिमेट लावू का?"

"काहीतरी पत्रा बित्रा घाला हो. दिसलं नाही पाहिजे."

मामांनी इकडेतिकडे बघितलं. टेबलावर फट मोजायचा गेज होता, पोलादी पात्यांचा जुडगा. मॅडमनी सकाळी त्यातलं अर्ध्या मिलिमीटरचं पातं काढून फट मापली होती, आणि ते सुटंच बाजूला पडलं होतं. मामांनी ते घातलं. चपखल बसलं. बसणारच, फट त्याच मापाची केलेली होती.

"लई फिट हाय," मामा म्हणाले.

समिती आली. ओवाळून झालं, शाली झाल्या, अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले. मॅडमनी बटण दाबलं. आकडा जवळजवळ लगेच हलला. समितीतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी मान पुढे केली. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून फोटो घ्यायची खूण केली. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी बटणाकडे हात नेला.

"चालू राहू द्या," प्राचार्य हळूच म्हणाले. "समिती बघून राहिली."

"सर, थांबवावं लागेल."

"मॅडम."

त्या एका शब्दात त्यांच्या नोकरीचा उल्लेख होता. हात थांबला. आकडा चढत राहिला. नेमलेल्या तापमानाच्या निम्म्यालाही सळई पोचली नसेल, तोवर सकाळचा सगळ्यात मोठा आकडा मागे पडला. मग कटकन आवाज झाला, ठोकळ्याचं वेल्डिंग तडकलं आणि भिंत मागे सरकली. अडवणारं कोणी उरलं नाही, म्हणून आकडा खाली आला. थेट शून्यावर. प्राचार्यांनी सकाळपासून टाळलेला पाहुणा आला, आणि औक्षणाशिवाय आला.

मॅडमनी आता कोणाला न विचारता बटण बंद केलं.

"तुमच्या या आलेखाच्या तक्त्यावर रेषा आधी सपाट आहे," ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले. "इथं सुरुवातीपासून चढ कसा?"

मॅडमनी टेबलावर पडलेलं पातं चिमट्यानं उचललं. "फटीत हे होतं, सर. सपाट भाग यानं खाल्ला."

"कुणी घातलं?"

प्राचार्य छताकडे बघत होते. छतालाही नवा रंग होता.

"म्या घातलं, सायब," मामा म्हणाले. "पण सांगितल्याबिगर म्या कशाला घालीन? माझी काय सळईसंगं दुश्मनी हाय?"

अध्यक्ष खोकले. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी मॅडमना एवढंच विचारलं, "जेवणानंतर परत दाखवाल?"

जेवण समितीच्या जेवणासारखं झालं. तेवढ्यात वर्कशॉपमध्ये ठोकळा पुन्हा जोडला गेला आणि सळई गार झाली. मॅडम जेवल्या नाहीत. त्यांनी तेच पातं घालून फट मापली आणि पातं काढून प्राध्यापकांच्या हातात दिलं.

दुसऱ्या खेपेला सगळे शून्य बघत बसले. शोकसभेतही मी एवढी शांतता ऐकलेली नाही. प्राचार्य रुमालानं मान पुसत होते. एका सदस्यानं जांभई दिली. तापमान चाळीस अंश चढलं, तरी शून्य. अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम आकड्याकडे बघत होत्या.

दोन-तीन अंश आणखी गेले आणि आकडा हलला. मग अंशागणिक चढत गेला, सरळ.

"कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडा कमी येतो," मॅडम म्हणाल्या. "चौकटही जराशी ताणली जाते."

"हे सांगितलंत, बरं केलंत," प्राध्यापक म्हणाले आणि काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी सांगितलं की, फट ठेवण्याची संकल्पना संस्थेची आहे. मॅडमच्या कायम नेमणुकीची घोषणा अध्यक्षांनी केली. तीही संस्थेचीच संकल्पना निघाली.

मी बातमीत दोन्ही खेपा लिहिल्या. छापताना पहिली गेली, जागा शालींच्या फोटोला लागली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आभाराचा असेल.

"तुमच्या पेपरात फट अर्धा सेंटीमीटर छापलीय," त्या म्हणाल्या. "तेवढी फट मिटायला सळई चारशेच्या वर तापवावी लागेल. विद्यार्थी वाचतात."

"नेमणुकीचं पत्र मिळालं?"

"मिळालं. दुरुस्ती कधी छापताय?"

दुरुस्ती आतल्या पानावर छापली, पंचांगाखाली. नंतर एकदा कॉलेजात गेलो तेव्हा मॅडम सळईपाशी शिकवत होत्या. त्यांच्या मागे, नव्या रंगाच्या भिंतीवर, प्राचार्यांनी ती बातमी फ्रेम करून लावली होती. पहिली, अर्ध्या सेंटीमीटरची.