सुटलेली गाठ

अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला अजून अवकाश आहे. नफीसा चटईवर आडवी होते. ‘घटकाभर पडते’ म्हणत तिने डोळे मिटले आहेत, पण डोक्यात संध्याकाळ घोळते आहे. संध्याकाळी जमातीचे इस्माईलभाई मुकादम येणार, तिच्या आत्याचं, बिल्किसफुफीचं, कुराण नेणार आणि खाडीत सोडणार. जीर्ण झालेल्या प्रतीला पाण्यात सोडतात, हे तिलाही ठाऊक आहे. पण फुफीची प्रत जीर्ण नाही. ती चुकीची आहे, असं ठरलंय.

ठरवलं कोणी? त्याच मुकादमांनी. मुलींच्या पठणाच्या स्पर्धेत त्यांनी नफीसाच्या मुलीला, मेहजबीनला, कुराणाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन विचारलं, “फातिहाची पाचवी आयत?” पोरीने चटकन म्हटलं, “इह्दिनस्सिरातल मुस्तकीम.” “चूक! ती सहावी.” पोर घरी धावली, फुफीची प्रत घेऊन आली. तिथे पाचचाच आकडा होता. मुकादमांनी विड्याच्या पानाने लाल झालेला अंगठा थेट अक्षरांवर टेकवला. “बघा! आरंभीच्या बिस्मिल्लाला आकडाच नाही. एक आयत गाळलीय!” सभागृहभर कुजबुज झाली. अर्ध्या गावाच्या मुली फुफीकडे शिकल्या, म्हणजे अर्धं गाव चुकीचं शिकलं.

सुक्या मासळीचा वास येतो. चटई वाळूची झाली आहे आणि समोर बिल्किसफुफी बोंबील उलटे करत बसली आहे. तिला मातीत ठेवून तीन पावसाळे झाले, हे नफीसाला इथेही माहीत आहे. पण विचारायचं सुचत नाही.

“तोंड असं का केलंस गो?” फुफी म्हणते. “किडका बोंबील खाल्लास?”

“तुझी प्रत बुडवतायत. म्हणतात, आयत गाळलेली आहे.”

फुफी हसते. वाळवणाच्या दोऱ्या सभागृहाच्या खुर्च्या झाल्या आहेत. खुर्च्यांवर जमातीची माणसं बसून बोटं चाटत बिर्याणी खातायत, आणि तेलकट बोटांनीच आयता मोजतायत. एक, दोन, तीन. अत्तर आणि रश्श्याचा मिळून असा दर्प येतो, की नफीसा नाकाला ओढणी लावते.

“ती ओढणी इकडे दे.” फुफी मात्र आधी हात धुते, चांगले घासून. मग ओढणीच्या काठाला गाठी मारू लागते. प्रत्येक आयतीच्या शेवटी एक. “बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम, ही एक. रब्बिल आलमीन, दोन. अर्रहमानिर्रहीम, तीन. यौमिद्दीन, चार. नस्तईन, पाच. मुस्तकीम, सहा. उरलेलं सगळं एका दमात, सात. ही कूफा शहरातल्या जाणत्यांची मोजणी. मक्केवाल्यांचीही अशीच. मुकादमाच्या प्रतीत हीच आहे.”

“आणि तुझ्या?”

“मदीना, बसरा, शाम म्हणजे सीरिया, इथल्या जाणत्यांनी बिस्मिल्लाला फातिहाची आयत म्हणून मोजलं नाही. सुऱ्याच्या, म्हणजे अध्यायाच्या, माथ्यावर बरकतीसाठी लिहिलेली, असं ते मानत.” ती पहिली गाठ नखाने सोडते. “पण फातिहाच्या आयता सात, यावर सगळ्यांचं एकमत. मग सातवी कुठून आणायची?” ती काठाच्या शेवटाकडे जाते. “शेवटची लांबलचक आहे ना? ‘अन्अम्त अलैहिम’ला थांबायचं. इथे सहावी. ‘गैरिल मग्ज़ूबि’पासून सातवी.” नवी गाठ बसते. “एक गाठ सुटली, एक पडली. कापड तेवढंच. इह्दिनस्सिरात सहाव्यावरून पाचव्यावर आली. शब्द एक तरी गळला का?”

“नाही. पण आपण कोकणातले शाफई पंथाचे. बिस्मिल्ला आयतच मानतो, नमाजात मोठ्याने म्हणतो.”

“मीही म्हणत होतेच की. तुझ्या फुफाजींनी ती प्रत हनफी पंथाच्या मुलखातून आणली. ते बिस्मिल्ला मनातल्या मनात म्हणतात, म्हणून तिथल्या छापणाऱ्याने आकडा दिला नाही. अक्षरं तर माथ्यावर आहेत! आकडा माणसाने घातला, बाय. कलाम अल्लाचा, माणसाचा नाही.”

“मग तू हे मुलींना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं. मुकादमाच्या आईलाही सांगितलं.” फुफीचा चेहरा आंबट होतो. “सगळ्यांना कळलं, पण मुकादमासमोर बोलणार कोण? आणि त्याला विचारायचीच लाज. वाचायचं नाही, फक्त बोट ठेवायचं. शी!”

खुर्च्यांवरची माणसं अजून चाटतायत. खाडीचं पाणी खुर्च्यांच्या पायांशी आलं आहे, चिखलाचं, कुजक्या वासाचं. फुफी उठून त्यात चालत जाते. तिचे पाय मात्र कोरडे आहेत.

“फुफी, थांब!”

“मोजायला लाव त्याला,” ती मागे न बघता म्हणते.

कडी वाजते आहे. नफीसा दचकून उठते. घामाने मान भिजली आहे. ओढणी आवरायला जाते, तर बोटांना काहीतरी लागतं. काठाला गाठी आहेत. ती मोजते. सात. आणि पहिल्या गाठीच्या अलीकडे, कोऱ्या कापडावर, नुकत्याच सोडलेल्या गाठीची चुणी.

दारात मुकादम उभे आहेत, तोंडात पान. “कुराण आण, नफीसा. भरती आली आहे.”

नफीसा ओढणीचा काठ पुढे धरते.

“देते, इस्माईलभाई. आधी या गाठी मोजा, फुफीच्या प्रतीतल्या आयता आहेत या. सातातली एक कमी भरली तर दाखवा.” तिची नजर त्यांच्या लाल अंगठ्यावर जाते. “पण अंगठा धुऊन या. तसा हात मी ओढणीलाही लावू देणार नाही.”