लिफ्टजवळचा तक्ता

आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी एक तक्ता लावलेला आहे. यंत्राचं नाव, किती दिवसांनी काम करायचं, शेवटचं कधी झालं, पुढचं कधी, असे चार रकाने. वेळेत असलेल्या ओळी हिरव्या, पंधरा दिवसांवर आलेल्या पिवळ्या, उलटून गेलेल्या लाल. वर प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे येता जाता कुणाचे पिठाचे हात लागले तरी पुसता येतं. तो लागला त्या दिवशी लोक त्याचे फोटो काढत होते. वीस घरांची सोसायटी, चार मजले, आणि फोटो असे काढत होते की जणू कुणाचं बारसं आहे. मी पायऱ्यांवरून पाहत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

कारण त्याआधी नऊ वर्षं हा तक्ता माझा होता.

वणीला ही सोसायटी झाली तेव्हा मी नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. सचिव व्हायला कुणी तयार नव्हतं, मी झाले. पंपाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढरा पुठ्ठा ठोकला आणि त्यावर स्केचपेनने सगळं लिहिलं: दोन पंप, वरच्या टाक्या, लिफ्ट, लिफ्टची बॅटरी, आग विझवायची लाल नळकांडी. माझं अक्षर चांगलं आहे. ऑफिसात साहेब फायलींवरचे शेरे माझ्याकडून लिहून घ्यायचे. तारखांची भानगड मी ठेवलीच नव्हती. आमचं सगळं दसऱ्याला व्हायचं. खंडेनवमीच्या दिवशी चौकीदाराला घेऊन पंप पुसायचे, ग्रीस भरायचं, टाक्या धुवायच्या, नळकांडीवाल्याला बोलवायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सगळ्यांना कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. नारळ फुटला की मी पेन काढायचे आणि प्रत्येक ओळीपुढे लिहायचे: दसरा, झाले. ज्याचं काम खरंच झालं त्यापुढेही झाले, ज्याला नुसता हार घातला त्यापुढेही झाले. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग दुसऱ्या मजल्यावर ती राहायला आली. चाळिशीची, कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. माहेर फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचं. संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून आईशी फोनवर गोर बोलीत बोलायची, ‘याडी, याडी’ म्हणत, आणि इतकं हसायची की वरच्या मजल्यावर माझी पोथी थांबायची. स्कूटरवर टूलबॅग, पायात जाड बूट. पहिल्याच महिन्यात तिने पंपाचा घरघर आवाज ऐकून सांगितलं की बेअरिंग जातंय, आणि आठ दिवसांनी ते खरंच गेलं. त्या दिवसापासून बायका माझ्याऐवजी तिला विचारायला लागल्या की पाणी किती वाजता सोडणार. वार्षिक सभेत तिचं नाव कुणीतरी सुचवलं, हात वर झाले, आणि मी आपलं हसून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर भांडी जरा जोरातच घासली.

“कायले जळून राह्यली?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“मी कुठं जळून राह्यली? मले तर बरंच झालं. सुटली मी.”

“हो. दिसून राह्यलं,” म्हणाले आणि परत पेपरात तोंड घातलं.

आठवड्याने ती घरी आली. बूट दाराबाहेर काढले, पाया पडली. हेही मला आवडलं नाही, कारण आता तिच्यावर रागावणं अवघड झालं.

“काकू, तुमचा जुना तक्ता देता का मले? तारखा पाह्यच्या होत्या.”

मी पुठ्ठा काढून आणला. आमची सून आणि समोरच्या घरातल्या वहिनी तिथंच बसल्या होत्या. तिने पुठ्ठा मांडीवर घेतला आणि बराच वेळ वाचला.

“काकू, दसरा दरवर्षी एकाच तारखेले नाही येत ना. ज्या वर्षी अधिक महिना येते त्या वर्षी दसऱ्यापासून दसरा पंचांगाचे तेरा महिने होते. आन् नळकांड्याची मुदत तर इंग्रजी बारा महिन्याचीच असते. म्हणजे त्या वर्षी दोन-तीन आठवडे मुदत संपलेली नळकांडी लटकून राह्यते.”

ती हळूच बोलली होती. चूक काढायची म्हणून नाही, मोजता मोजता लक्षात आलं म्हणून. पण सून हसली. वहिनी म्हणाल्या, “बापा, हे तं आपल्या लक्षातच नाही आलं कधी!” माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. नऊ वर्षं पंचांग मी वाचते, अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण मी देते, आणि ही कालची आलेली पोर मला अधिक महिना शिकवते!

तेवढ्यात तिने बॅटरीच्या ओळीवर बोट ठेवलं. वीज गेली की लिफ्ट अधांतरी राहू नये, जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडावं म्हणून वरच्या मशीनच्या खोलीत एक डबा असतो, त्यात चार बॅटऱ्या. लिफ्टवाला दर महिन्याला यायचा, पण तो डबा त्याच्या करारात नव्हता.

“इथं गेल्या दसऱ्याले झाले असं लिहिलं हाय. बॅटऱ्या बदलल्या होत्या का काकू, का नुसत्या पाह्यल्या होत्या?”

मला आठवत नव्हतं. खरं उत्तर एवढंच होतं. पण एकदा उचलली जीभ की टाळ्यालाच लागते.

“लिहिलं आहे ना झाले म्हणून? मग झालेच.”

तिने मान हलवली, वहीत लिहून घेतलं आणि निघून गेली. चार दिवसांनी रंगीत तक्ता लागला. बॅटरी बदल, दर दोन वर्षांनी, शेवटचं गेल्या दसऱ्याला, पुढचं येत्या वर्षी. हिरवी ओळ. खाली तिने तपासणीचीही ओळ टाकली होती, दर तीन महिन्यांनी, तिची पहिली तारीख जूनमधली.

जून यायच्या आधीच एका दुपारी वीज गेली. मे महिना, वणीचं ऊन, बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. लिफ्टमध्ये मी होते, एका हातात पालकाची जुडी आणि दुसऱ्या हातात टरबूज. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला, पंखा गेला. मी वाट पाहिली. आता हळूच खाली सरकेल, आता दार उघडेल. काही झालं नाही.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. आधी आनंद झाला. घामाने पदर भिजला होता, टरबुजाने हात भरून आला होता, आणि मी मनात म्हणत होते, पडली हिरवी ओळ! आता काढा म्हणावं फोटो.

सुट्टी असल्यामुळे ती घरीच होती. चौकीदाराचा आवाज आला, मग जिन्यावरून धावत वर जाणारे तिचे बूट ऐकू आले. वरून ती ओरडली, “काकू, दाराले हात लावू नका! मेन बंद केला हाये. आता ब्रेक थोडा थोडा सोडतो, लिफ्ट हलंल, घाबरू नका!” लिफ्ट बोटभर हलली, थांबली, परत हलली. तिसऱ्या मजल्याशी आल्यावर चौकीदाराने किल्लीने दार उघडलं. मी बाहेर आले तशी तीही जिन्यावरून उतरली, हात काळे, आणि तिने पहिल्यांदा माझ्या हातातलं टरबूज घेतलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. मीच भरवली म्हणा ना. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये मी. दुपारचा घाम अजून अंगावर होता आणि त्याचा मी पुरेपूर उपयोग केला. “हिरव्या रंगात लिहिलं म्हणजे काम होते काय?” मी म्हटलं. “एखादं लहान लेकरू असतं आत तं? एखाद्याले दमा असता तं?” लोक माना हलवत होते. पुष्कळ दिवसांनी लोक माझ्या बोलण्यावर माना हलवत होते.

ती उभी राहिली. “चूक माही हाये,” म्हणाली. “डबा उघडून बॅटऱ्या पाह्यच्या होत्या. मी ऐकलेली तारीख लिहून टाकली. बॅटऱ्या चार वर्षं जुन्या निघाल्या, त्यावर छापलेलं हाये. उद्या नव्या बसतीन.”

“कोणी सांगतली होती तारीख?” मागून एकाने विचारलं.

“कोणी का सांगंना. लिहिली मी.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला तो दसरा आठवला. चौकीदाराने डब्याचं झाकण उघडून धरलं होतं. मी चारही बॅटऱ्या फडक्याने पुसल्या, एकेकीला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. झाकण लावलं. खाली आले आणि लिहिलं, झाले.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “काकू, तुमीच पाहा आता तक्ता. तुमच्या वेळेस असं कधी नाई झालं.” दोघा-तिघांनी हो म्हटलं. दोन-अडीच महिने मी ह्याच वाक्याची वाट पाहत होते. मी नको नको म्हणाले, दोनदा, रीतीप्रमाणे. तिसऱ्यांदा हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे चाव्या आणि वही घ्यायला गेले. तिने चहा केला. प्रत्येक चावीला चिठ्ठी लावून ठेवली होती. वही देताना म्हणाली, “नव्या बॅटऱ्या सकाळीच बसल्या. जुन्याईवर कुंकू होतं काकू. लिफ्टवाला यायच्या पयले पुसून टाकलं मी.”

म्हणजे तिला माहीत होतं. सभेत उभी राहिली तेव्हाच माहीत होतं. मी चहा कसाबसा संपवला. जिन्यावर मला रडू आलं, आणि ते पश्चात्तापाचं होतं असं मी म्हणणार नाही. ह्या बाईला मी कशातच मागे टाकू शकत नाही, चांगुलपणातही नाही, म्हणून आलं होतं. मी तिच्या जागी असते तर कुंकवासकट ती बॅटरी सभेत मधोमध आणून ठेवली असती.

लिफ्टजवळचा तक्ता मी काढून घरी आणला, आणि तो चार दिवस तसाच पडून राहिला. आमचे हे एकदा बोलले, “मिळाला ना? लाव की मग.” पाचव्या दिवशी मी स्केचपेन काढला. बॅटरीच्या हिरव्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: आधीची तारीख चुकीची होती. बॅटऱ्या बदलल्या नव्हत्या, फक्त पूजा केली होती. तारीख मी सांगितली होती. खाली सही केली. खाली जाऊन लिफ्टजवळ तक्ता लावला आणि तिथंच उभी राहिले, कारण लपून बसणं माझ्या स्वभावात नाही. वहिनी आल्या, वाचलं, माझ्याकडे न पाहता जिन्याने गेल्या. चौथ्या मजल्यावरचे काका आले, वाचलं, खोकले.

मग ती कामावरून आली. टूलबॅग खाली ठेवली, ओळ सावकाश वाचली, परत एकदा वाचली. आता ही माझ्या खांद्यावर हात ठेवणार, काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार, असं वाटून मी ओठ आवळून तयार राहिले.

“काकू,” ती म्हणाली, “पुढची तारीख लिहायची राह्यली.”

मी तक्त्याकडे पाहिलं. शेवटचा रकाना कोरा होता. मला परत तिचा राग आला, आणि मी तिच्याकडेच पेन मागितला.