उजव्या हाताचा ब्रॅकेट

मी संध्याकाळच्या डिप्लोमाला ड्रॉइंग शिकवते. मुलं मला माघारी ‘खोडरबर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. चुकीची रेष कागदावर बघवत नसेल, तर माणसाने खोडरबरच व्हावं. ‘मुलं’ म्हणायची आपली सवय. माझ्या वर्गातल्या निम्म्यांचे केस पिकायला लागलेत. दिवसभर नोकरी करून ते संध्याकाळी येतात, पहिल्या तासाला जांभया देतात आणि दुसऱ्या तासाला माझ्याशी वाद घालतात.

या वर्गात ताई होती. वय चाळिशीच्या अल्याडपल्याड, अंगाने बारीक, पेन्सिल कानावर. सगळा वर्ग तिला ताई म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागले, जरी ती माझ्याहून लहान होती. ती पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. लग्नाआधी तिथे ट्रेसिंग करायला लागली, आणि मुलगी कॉलेजात जायच्या वयाची झाली तरी तिथेच. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली जो टायटल ब्लॉक असतो, त्यात भागाचं नाव, माल, स्केल, तारीख अशी घरं असतात, आणि सह्यांची तीन घरं: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. ताईची सही इतकी वर्षं पहिल्या घरात होती. तपासणारे गृहस्थ आता निवृत्त व्हायचे होते. त्यांची खुर्ची तिला देतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं, पण डिप्लोमा हातात आल्यावर. तो या वर्षी नाही आला, तर बाहेरून कोणीतरी आणून बसवणार होते.

“मॅडम, मला पगाराचं एवढं नाही,” ती एकदा म्हणाली होती. “पण मी काढलेलं चुकलं की मला ओरडा बसतो, आणि बरोबर आलं की सही दुसऱ्याची पुढे. कंटाळा आलाय.”

मला तिचं हे बोलणं आवडलं. उगाच साधेपणाचा आव नाही.

शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून एक यंत्र बनवायचं असतं. ताईच्या गटाने पाईप वाकवायचं हातयंत्र घेतलं. गटात ताई, एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन चालवणारा एक अबोल गृहस्थ, एक स्टोअरकीपर आणि एक सदा गैरहजर राहणारा. काम आपोआप वाटलं गेलं. ताईने ड्रॉइंग काढायचं, मिलिंगवाल्याने भाग बनवायचे, स्टोअरकीपरने माल आणायचा आणि चौथ्याने पुढच्या वेळी नक्की यायचं.

आमच्या कॉलेजात प्रोजेक्टचं एक शीट हातानेच काढायचं असतं, आणि तेही फर्स्ट अँगलमध्ये. हे जरा सांगायला हवं. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन वेळा काढतात. फर्स्ट अँगलमध्ये वस्तू आपल्या आणि कागदाच्या मध्ये आहे असं धरायचं. म्हणजे वरून दिसलेलं चित्र खाली उमटतं, उजवीकडून दिसलेलं डावीकडे. थर्ड अँगलमध्ये मध्ये काच आहे असं धरतात, म्हणून वरचं वर आणि उजवीकडचं उजवीकडेच राहतं. दोन्ही पद्धती बरोबर. फक्त कुठली वापरली, ते टायटल ब्लॉकमध्ये छोट्या चिन्हाने सांगायचं. फर्स्ट अँगलला डावीकडे टोक कापलेला शंकू, उजवीकडे एकात एक दोन वर्तुळं. थर्डला त्यांच्या जागा बदलतात. एवढंसं चिन्ह, पण सगळं शीट कसं वाचायचं ते त्यावर ठरतं. ताईच्या कारखान्याची गिऱ्हाइकं परदेशातली, म्हणून तिच्या ऑफिसात सगळं थर्ड अँगल.

प्रोजेक्टसाठी माझा एक नियम आहे. काढणाऱ्याने काढायचं, तपासायचं गटातल्या दुसऱ्याने, आणि दोघांनी सह्या करायच्या. मग भाग बनवायला घ्यायचा.

एके संध्याकाळी मी ड्रॉइंग हॉलमध्ये शिरले, तर तिघं एका टेबलाभोवती उभे. टेबलावर ताईचं शीट, आणि त्यावर चकचकीत पोलादी ब्रॅकेट. खाली जाड पाया, पायावर उभी पट्टी, पट्टीत शाफ्टसाठी भोक, आणि पायाच्या एका टोकाला बोल्ट सरकवायची खाच. एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेला. काम देखणं होतं.

“मॅडम, तुम्हीच सांगा,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “पट्टी मागच्या कडेला हवी आणि खाच उजवीकडे. यांनी पट्टी पुढे आणलीय.”

“मग फिरवून लावा ना,” स्टोअरकीपर म्हणाला.

“फिरवला की पट्टी जाते मागे, पण खाच येते डावीकडे. तिकडे बोल्टच नाही. हा डाव्या हाताचा ब्रॅकेट झालाय.”

मिलिंगवाला खाली बघत होता. मग त्याने बोट टायटल ब्लॉकवर ठेवलं. “मी हे बघून केलं, ताई.”

शंकू डावीकडे, वर्तुळं उजवीकडे. स्वच्छ फर्स्ट अँगल.

मी शीट माझ्याकडे ओढलं. पुली, शाफ्ट, हँडल सगळं गोल. त्यांत चुकायला जागा नव्हती. पण ब्रॅकेटचा वरून पाहिलेला व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या वर होता. उजवीकडून पाहिलेला उजवीकडे. ताईने चिन्ह फर्स्ट अँगलचं काढलं होतं आणि ब्रॅकेट थर्डमध्ये. मिलिंगवाल्याने चिन्हाप्रमाणे वर काढलेला व्ह्यू खालून पाहिलेला समजला, त्यामुळे मागचं पुढे आलं.

ताईने बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “घरी काढलं,” ती म्हणाली. “टायटल ब्लॉक इथे वर्गात केला होता. मग रविवारी घरी बसले, आणि हात आपला ऑफिसातल्यासारखा चालत गेला.”

“आणि तपासलं कोणी?” मी विचारलं. सहीवरून कळतच होतं, पण मला ते ऐकायचं होतं. मी अशा वेळी फार गोड वागत नाही.

“मी,” मिलिंगवाला म्हणाला.

“ही खाच बघा. बाजूच्या व्ह्यूत तिच्या रेषा अखंड आहेत. फर्स्ट अँगलने उजवीकडचा व्ह्यू म्हणजे डावीकडून पाहिलेला. मग खाच पलीकडे जाते, झाकली जाते. रेषा तुटक हव्यात. खटकलं नाही?”

“खटकलं. वाटलं, घाईत राहिलं असेल. ताई इतकी वर्षं हेच करतात, त्यांना काय विचारायचं.”

मला दोघांचाही राग आला, आणि दोघांची कीवही. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. यंत्र फिरलं नाही तर प्रोजेक्ट नापास, आणि ताईची खुर्ची गेलीच.

इथे स्टोअरकीपरचं डोकं चाललं. “एवढं काय घेऊन बसलात? हे चिन्ह खोडा आणि थर्ड अँगलचं काढा. दोन मिनिटांचं काम. शीट बरोबर होईल. मग वाचायला चुकले ते हे.” त्याने मिलिंगवाल्याकडे हनुवटी उडवली. “मॅडम, थर्डला फार तर दोन मार्क कापाल. परीक्षकाला सांगू, भाग बनवताना गडबड झाली.”

खरं तर त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. चिन्ह बदललं असतं, तर कागदावर एकही रेष चुकीची उरली नसती. मिलिंगवाला त्याविरुद्ध बोललाच नसता. सगळं अंगावर घेऊन गप्प बसला असता. मी ताईकडे बघत होते. तिने टेबलावरचा खोडरबर उचलला.

तिने खोडरबर डब्यात टाकला. “नवीन शीट काढते,” ती म्हणाली. “भाऊ, तुम्हाला दुसरा ठोकळा कोरता येईल?”

“रजा टाकतो.”

“आणि या वेळी सही करायच्या आधी वाचा. माझ्यावर उपकार म्हणून नका करू.”

पुढचे दिवस तिच्या घरातलं जेवायचं टेबल शीटखाली गेलं आणि घरदार भिंतीशी ताटं घेऊन बसलं. हे तिनेच सांगितलं. सासूबाई खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, “वरून बघितलेलं खाली काढतेस होय? तुमच्या कॉलेजात सगळी उलटी गंगा!” नवऱ्याने आमटी सांडेल म्हणून वाटी दुसऱ्या खोलीत नेऊन संपवली.

नवीन शीट आलं. समोरचा व्ह्यू, बरोबर खाली वरचा, डावीकडे उजव्या बाजूचा. मिलिंगवाल्याने ते घेतलं आणि हॉलच्या कोपऱ्यात बसला. फूटपट्टी लावून प्रत्येक व्ह्यू दुसऱ्याशी जुळवला, बोटाने रेषा मोजल्या. ताई येरझाऱ्या घालत होती. बऱ्याच वेळाने तो उठला. “ताई, भोकाचा व्यास आहे, पण पायापासून त्याची उंची लिहायची राहिलीय.”

ताई फणकारली, “दाखवा कुठे!” त्याने दाखवलं. तिने कानावरची पेन्सिल काढली. उंची लिहिताना म्हणाली, “आमच्या ऑफिसात हे असं कोणी बघत नाही हो. सही करतात आणि पुढे सरकवतात. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं ड्रॉइंग वाचलं.” तिचे डोळे भरले होते, आणि ती ते लपवत नव्हती.

परीक्षेत यंत्र फिरलं. पाईप वाकला, थोडा सुरकुतला, पण वाकला. ताईने बिघडलेला ब्रॅकेटही टेबलावर ठेवला होता. परीक्षकांनी तो उचलून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या गटाकडे वळले. आम्ही घाबरलो होतो तेवढं काहीच झालं नाही. ताई पास झाली, चांगल्या मार्कांनी.

काही महिन्यांनी, तिला ती खुर्ची मिळायची होती त्या दिवशी, तिचा फोन आला. मी पेपर तपासत होते, चिडलेली होते. म्हटलं, “बोला, तपासनीस बाई. पहिली सही कशी वाटली?”

“केलीच नाही.”

“का?”

“साहेबांनी खुर्चीत बसवलं, पेढा दिला आणि ड्रॉइंगचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. सगळ्यांत वरचं माझंच, गेल्या महिन्यात मीच काढलेलं. म्हणाले, कर सही, औपचारिकता आहे, तुझं कधी चुकतं का?”

“मग?”

“मी म्हटलं, साहेब, हे माझं आहे, हे मी तपासू शकत नाही. ते म्हणाले, मग कोण तपासणार? मी उठले आणि त्यांनाच खुर्ची दिली.” ती हसत होती. “बसलेत, मॅडम. चष्मा लावून बसलेत. मघापासून वाचतायत.”