दोन ओळींची पोच

लढाईच्या दिवसांत नगरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. खर्ड्याला पोचली की ड्रायव्हर आधी गाडीमागची कोळशाची शेगडी ढोसायचा, मग चहा प्यायचा आणि लगेच माघारी निघायचा. मी तेव्हा तिथल्या दवाखान्यात नर्स होते. मोठी शस्त्रक्रिया असली की नगरहून डॉक्टर येत. त्यांची चिठ्ठी या मोटारीनं यायची आणि आमचं उत्तर याच मोटारीनं जायचं. ड्रायव्हरचा चहा संपेपर्यंत काय लिहायचं ते लिहा, असा सगळा मामला.

दवाखान्यात पाणी भरणाऱ्या बाईच्या पायावर विहिरीच्या काठाचा दगड निसटून पडला होता. पाऊल काळं पडलं, घोट्याच्या वर सूज चढू लागली. पाय कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आदल्या दिवशीच मी डॉक्टरांना कळवलं होतं, आणि तिच्या छातीचे ठोके अडखळतात हेही लिहिलं होतं. ही बाई रोज सकाळी मला हाक मारल्याशिवाय हंडा खाली ठेवत नसे. माझं तिच्यावर प्रेम होतं, उगीच आडवळणानं कशाला सांगू?

डॉक्टरांचं उत्तर आलं ते सूचनांनी गच्च भरलेलं. टेबल खिडकीखाली घ्या. हत्यारं, कपडे नीट उकळा. बाईला रात्रीपासून पोटात काही नको, सकाळी पाणीसुद्धा नको. पाय धरायला दणकट माणूस बोलावून ठेवा. मग लिहिलं होतं, "छाती कमजोर आहे म्हणून या खेपेला क्लोरोफॉर्म नाही, ईथर देऊ. ईथरची वाफ जमिनीलगत पसरते आणि जाळ दिसला की भडकते. खोलीत स्टोव्ह, कंदील काही नको. दोन ओळींत उत्तर द्या. माझंच पत्र मला परत पाठवू नका, आणि नुसतं 'समजलं' असं आलं तर मी ईथर आणणार नाही. मग बाईला गाडीत घालून नगरला पाठवा."

मोटारीत आडवं न्यायला जागा नव्हती, आणि बैलगाडीनं नगर म्हणजे वाटेतच मरण. हे त्यांनाही कळत होतं. पण कुठेतरी 'सगळं समजलं' असं उत्तर आलं म्हणून ते ईथर घेऊन गेले होते आणि टेबलाशेजारी पेटता कंदील सापडला होता, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा त्या शब्दावरचा विश्वास उडाला होता.

आमचे कंपाउंडर वयानं वडील, मी त्यांना काका म्हणे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून उत्तर लिहिण्याचा मान त्यांचा. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं, "आपल्या सर्व सूचना शिरसावंद्य असून..."

"काका, हे नको," मी म्हटलं. "याचा अर्थ 'समजलं' एवढाच होतो."

"बरं, मग एकेक सूचना लिहितो. टेबल खिडकीखाली घेण्यात येईल..."

"नमनाला घडाभर तेल! मोटार जाईल ना!"

काका रागावले. "मग तूच सांग, कुठली लिहायची आणि कुठली गाळायची? वरिष्ठांची सूचना गाळायची म्हणजे काय, थट्टा आहे?"

खरंच, कुठली? माझं डोकं भणभणत होतं. टेबल, कपडे, उपास हे आम्ही दर खेपेला करत होतो आणि डॉक्टरांना ते ठाऊक होतं. त्यांना धास्ती होती ती आमच्या सवयीची. पाणी उकळतं राहावं म्हणून आमचा स्टोव्ह नेहमी टेबलाच्या पायाशीच फुरफुरत असे. नवी सूचना नेमकी त्या सवयीच्या उलट होती. तीच लिहायला हवी होती. पण 'स्टोव्ह नाही, कंदील नाही' एवढं लिहिलं तर तेही त्यांचंच वाक्य त्यांना परत गेलं असतं.

बाहेर भोंगा वाजला. आमची खोली एकच, टेबलही तिथंच आणि खाटही; मी वळून खाटेकडे पाहिलं. बाईच्या उशाशी तिच्या आईनं देवाचा दिवा लावला होता. अपघात झाल्यापासून तो तेवत होता. आम्ही तो रोज पाहत होतो, त्यात तेल घालत होतो, आणि आमच्यापैकी कुणाला तो जाळ वाटलाच नव्हता.

मी काकांच्या हातातला टाक घेतला. "स्टोव्ह अंगणात. बाईच्या उशाशी देवाचा दिवा आहे, तोही बाहेर नेते; दाराशी मी स्वतः. बाकी नेहमीप्रमाणे." काकांनी वाचलं, मान हलवली आणि स्वतःच चिठ्ठी घेऊन मोटारीकडे पळाले.

लिहून गेलं खरं, पण आता ते पाळायचं होतं. आईनं दिव्याला हात लावू दिला नाही.

"न्हाई बाई, ह्यो हलवायचा न्हाई. दिवा इझला तर माजी लेक इझंल."

"विझवायचा नाही आई. अंगणात न्यायचा. तुम्हीच न्या, तुम्हीच राखा."

"आन् वाऱ्यानं इझला म्हंजी?"

शेवटी खाटेवरून लेकच म्हणाली, "ने आये. नर्सबाई म्हंत्यात तर ने." म्हातारीनं दिवा उचलला आणि तळव्यानं ज्योत झाकत, एकेक पाऊल मोजत बाहेर नेला; मला माझीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पिशवीतून काढलेली बाटली ईथरची होती. खोलीत फिरून त्यांनी कोपरे पाहिले, मग मला म्हणाले, "तुम्ही दाराशी म्हणालात ना? मग दाराशीच. हत्यारं मी घेईन."

काका बाईच्या तोंडावरच्या जाळीवर ईथर थेंबथेंब सोडू लागले. तो गोडसर, मळमळणारा वास उंबऱ्यापर्यंत आला. करवतीचा आवाज सुरू झाला तेव्हा मी अंगणाकडे तोंड केलं, आणि त्याच वेळी वावटळ उठली. म्हातारी दिवा पदराआड धरून वाऱ्यातून धावत सुटली, सरळ आडोशाला, म्हणजे सरळ माझ्या दाराकडे.

ओरडायची सोय नव्हती. आत डॉक्टरांचा हात हलला असता. मी पायरी उतरून धावले, तिला मिठीतच घेतलं आणि ढकलत ढकलत कडुनिंबापलीकडच्या भिंतीशी नेलं. तिथं आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. माझा पदर एका बाजूनं, तिचा दुसऱ्या बाजूनं, मध्ये ती एवढीशी ज्योत. तिला वाटत होतं मी दिवा वाचवतेय. मीही वाचवतच होते, पण माझे डोळे दारावर होते.

वारा पडला. आतून डॉक्टरांची हाक आली, "नर्सबाई, झालं."

निघताना त्यांनी माझी चिठ्ठी खिशातून काढली. "यातले 'देवाचा दिवा' हे शब्द वाचले आणि ईथरची बाटली पिशवीत घातली," ते म्हणाले. "मी लिहिलं नव्हतं ते तुम्ही पाहिलं होतं."

संध्याकाळी बाईनं डोळे उघडले. पायाचं तिनं काही विचारलं नाही. ओठ हलले म्हणून मी वाकले.

"दिवा?"

"आहे. बाहेर आहे, आईजवळ."

तिनं डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला. "मंग म्या बी हाय," ती म्हणाली.